कालरेषेवरचे चोवीस सेंटिमीटर

इतिहास कुणाच्याही सोयीसाठी आखडत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. मग तमिळनाडूतल्या अंबत्तूरच्या एका शाळेत मी तो चोवीस सेंटिमीटरनं आखडलेला पाहिला. हे काम आठवीच्या मुलींनी केलं होतं, आणि डिंकानं.

मी एग्मोरच्या एका छापखान्यात पाठ्यपुस्तकांसाठी नकाशे आणि तक्ते आखण्यात नोकरी संपवली. निवृत्त झाल्यावर अंबत्तूरच्या घरी राहायला आले. वरच्या मजल्यावर नाशिककडचं एक जोडपं भाड्यानं राहत होतं. नवरा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, बायको जवळच्या शाळेत इतिहासाची शिक्षिका. माझं मराठी तंजावरचं. आमच्या घराण्यात ते साडेतीनशे वर्षं तमिळमध्ये मुरलेलं आहे, त्यामुळे सुरुवातीला ती माझ्याशी बोलताना जुनी पोथी उलगडत असल्यासारखा चेहरा करायची. पुढे तिला सवय झाली आणि ती मला मावशी म्हणू लागली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी ती वहीचा कागद घेऊन खाली आली.

"मावशी, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना? जरा बघा. प्रदर्शनात आठवीची कालरेषा लागणार आहे. या शहराचा इतिहास."

कागदावर एक आडवी रेघ होती आणि रेघेवर दहा ठिपके, सारख्या अंतरावर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे. पहिला ठिपका १६४०, किल्ल्याचं बांधकाम. मग १७४६, फ्रेंचांनी शहर घेतलं. मग १७४९, परत दिलं.

"पहिल्या दोन ठिपक्यांत किती अंतर आहे?" मी विचारलं.

"दोन सेंटिमीटर."

"आणि दुसऱ्या-तिसऱ्यात?"

"दोनच." ती थांबली. "अच्छा. एकीकडे एकशे सहा वर्षं आणि दुसरीकडे तीन."

"तुझ्या रेघेवर दोन्ही सारखीच गेली. ही यादी झाली, आडवी झोपवलेली. कालरेषेत अंतर म्हणजेच वर्षं."

ती हसली, पण नीट नाही. तेव्हा तिनं मला खरी गोष्ट सांगितली. तिचं उमेदवारीचं वर्ष डिसेंबरात संपत होतं. त्यानंतर शाळा तिला कायम करणार होती किंवा नव्हती. ही तिची तिसरी शाळा. आधीच्या दोन्ही शाळांनी वर्ष संपताच आभार मानून घरी पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तसं झालं तर चौथी शाळा अर्जावरची ही रांग पाहून काय समजेल, ते तिला न सांगता कळत होतं. निर्णय करस्पॉन्डंट घेणार. तमिळनाडूत खासगी शाळेच्या मालक-चालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. तो पत्रव्यवहार करतो म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात; मी एकालाही पत्र लिहिताना पाहिलेलं नाही.

"प्रदर्शनाच्या दिवशी ते फिरतात," ती म्हणाली. "बोलत नाहीत. बघतात. माझ्या आधी जी इतिहासाची मिस होती, ती दुसऱ्या सहामाहीच्या मध्येच गेली. का, ते कुणी सांगत नाही. तिचा कप अजून स्टाफरूममध्ये आहे. कुणी त्यात चहा पीत नाही आणि कुणी फेकतही नाही."

आम्ही प्रमाण ठरवलं. एका वर्षाला एक सेंटिमीटर. चार्ट पेपर साठ सेंटिमीटरला कापायचा, म्हणजे एका कागदावर साठ वर्षं. दर दहा वर्षांना छोटी खूण, दर पन्नासांना मोठी, आणि वर्षाचा आकडा फक्त खुणेखाली, आडवा. तिरपे आकडे वाचायला मान वाकडी करावी लागते आणि मान वाकडी केलेला माणूस तक्त्यावर रागावतो. फ्रेंचांची दोन कार्डं तीन सेंटिमीटरच्या अंतरात मावणार नव्हती, म्हणून एक रेघेच्या वर आणि एक खाली, प्रत्येकाला आपल्या वर्षापर्यंत नेणारी बारीक रेघ. कार्डं तीन मापांची: बारा, सात आणि तीन सेंटिमीटर रुंद. कुठल्या घटनेला कुठलं माप, ते तिनं वर्गात ठरवायचं होतं.

"कशावरून ठरवू?"

"ती घडली नसती तर नंतरचं किती बदललं असतं, यावरून. मुलींना भांडू दे."

मुली भांडल्या नाहीत. आठवीच्या मुली व्यवहारी असतात. पाठ्यपुस्तकात ज्या घटनेला चार ओळींपेक्षा जास्त जागा, तिला मोठं कार्ड, दोन ते चार ओळी, मधलं, त्याखाली लहान. या नियमानं रेल्वेला बारा सेंटिमीटर मिळाले आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाला तीन. पुस्तकात तो दीड ओळीत आटोपला होता.

ती हे सांगायला आली तेव्हा मी म्हटलं, "मग हा इतिहासाचा नाही, पुस्तकाच्या मांडणीचा तक्ता आहे. दुष्काळ दीड ओळीवर कुणी आणला असेल ते मी सांगू शकते. मी त्याच खोलीत बसत होते."

"बदलायला सांगते," ती म्हणाली. पण त्याआधी मॅनेजर आला.

मॅनेजर म्हणजे शाळेच्या ऑफिसातला मुख्य माणूस. तो वर्गात आला आणि त्यानं टेबलावर एक सोनेरी कार्ड ठेवलं. पंचवीस सेंटिमीटर रुंद. त्यावर इंग्रजीत शाळेचं भविष्य होतं: इंटरनॅशनल कॅम्पस, वर्ष २०५०. हे रेघेवर २०५० च्या जागी लागलं पाहिजे, असं त्यानं सांगितलं.

"पण सर, ही इतिहासाची रेषा आहे," ती म्हणाली होती.

"करस्पॉन्डंट सरांना रिकामी जागा आवडत नाही," तो म्हणाला आणि गेला.

ती कार्डांच्या मापांबद्दल मुलींशी पुन्हा बोललीच नाही. सोनेरी कार्डाशेजारी कुठल्याही मापावर वाद घालायला तिला धीर होईना.

त्या कार्डामुळे रेघ २०६० पर्यंत न्यावी लागली. सात कागद, प्रत्येकी साठ: चारशेवीस वर्षं, चारशेवीस सेंटिमीटर. मी हे ऐकलं आणि बोटांवर मोजलंही, पण पुढचा प्रश्न विचारला नाही. छापखान्यात तो मी पहिला विचारला असता: जागा किती आहे? पण भिंत माझी नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती मला शाळेत घेऊन गेली, शेवटची नजर टाकायला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता. आकाश जस्ताच्या पत्र्यासारखं होतं आणि वारा अजिबात नव्हता. शाळा सुटली होती. कालरेषा ऑफिससमोरच्या व्हरांड्यात, दोन दारांमधल्या भिंतीवर लागली होती, आणि तिच्यासमोर आठवीच्या चार मुली पाटीवर लिहिल्यासारख्या सरळ उभ्या होत्या. भिंत दिव्यांनी उजळलेली, बाकीचा व्हरांडा अंधारलेला. ऑफिसचं दार बोटभर उघडं होतं आणि आत पंखा फिरत होता. आत कोण आहे ते दिसत नव्हतं.

लांबून कालरेषा देखणी होती. दोन्ही दारांमध्ये नेमकी बसलेली. जरा जास्तच नेमकी. एवढ्या वर्षांत माझा एकही तक्ता पहिल्या फटक्यात जागेत बसला नव्हता.

मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली.

"मावशी, आता मोजू नका," ती हळूच म्हणाली.

"बघायला बोलावलंस ना?"

१६४० ते १६५०, दहा. १६५० ते १६६०, दहा. पुढे तशीच. १६९० ते १७००, सहा. मी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. सहा. १७०० ते १७१०, दहा. मग सगळं ठीक, आणि १७५० ते १७६० पुन्हा सहा. १८१० ते १८२०, सहा. आता मला पुढचं माहीत झालं होतं आणि तरी मोजत जावं लागत होतं. जिथे जिथे दोन कागद जुळत होते, तिथे जुळण्याआधीचं दशक चार वर्षांनी आखडलं होतं. पुढचा कागद आधीच्या कागदावर चार सेंटिमीटर चढवून चिकटवला होता. सहा सांधे, चोवीस सेंटिमीटर.

"हे कुणी जोडलं?" मी तमिळमध्ये विचारलं.

सर्वांत उंच मुलगी पुढे आली. तिच्या बोटांवर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे होते.

"मी, आंटी."

"चढवून का?"

"भिंत चार मीटर आहे. आमची रेघ चार मीटर वीस. बसत नव्हती. मग आम्ही हिशेब केला. सहा सांधे गुणिले चार, चोवीस. चारशेवीस वजा चोवीस, तीनशे शहाण्णव. बसली." आणि थोडं थांबून, "गणिताच्या मिसनी तपासलं."

गणित बिनचूक होतं. यातली भीती तीच होती. चूक झाली असती तर ती कुणाला तरी दिसली असती.

"दाबलेल्या जागेत काही नव्हतं ना?" शिक्षिकेनं विचारलं.

"१९९६ चं कार्ड अर्धं खाली जात होतं, मिस. शहराचं नाव बदललं ते. मोठं होतं म्हणून दिसलं. सोडवून वर लावलं."

"आणि बाकी?"

मी १८७० च्या खुणेवर बोट ठेवलं आणि उजवीकडे नेलं. सहा सेंटिमीटरवर १८८०. मध्ये कोरा कागद. दुष्काळाचं कार्ड तीन सेंटिमीटरचं होतं, १८७६ पासून सुरू होणारं. ते अख्खंच्या अख्खं सांध्याखाली गेलं होतं आणि चारही मुलींना, गणिताच्या मिसना आणि दिवसभर तिथून जाणाऱ्या येणाऱ्यांना काहीही कमी वाटलं नव्हतं.

शिक्षिका त्या जागेकडे बघत राहिली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला २०५० चं सोनेरी कार्ड चमकत होतं, त्याच्या आजूबाजूला तीसपस्तीस वर्षांचा स्वच्छ, प्रशस्त कागद. तिथे अजून काहीच झालेलं नव्हतं आणि त्यासाठी जागा मात्र पुरेपूर ठेवली होती.

"तसंच राहू दे," उंच मुलगी म्हणाली. "मिस, कुणाला कळणार नाही."

"ते खरं आहे," मी म्हटलं. सल्ला द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. नोकरी शिक्षिकेची होती.

ऑफिसच्या दारामागे खुर्ची सरकली. कुणी बाहेर आलं नाही.

"मावशी," ती मराठीत म्हणाली, म्हणजे मुलींना कळू नये म्हणून, "सांधे सुटे केले तर भिंतीवर बसेल?"

"चारशेवीस बसणार नाही. शेवटचा कागद २०३० ला कापला तर तीनशेनव्वद. दहा उरतात."

"आणि ते कार्ड?"

"ते घडलेलं नाही. त्याला रेघेवर जागाच नाही. रेघ संपवायची, तिथे नागमोडी तोड काढायची, म्हणजे पुढे प्रमाण लागू नाही असं वाचणाऱ्याला कळतं. आणि तोडीच्या पलीकडे ते कार्ड. आठ सेंटिमीटरचं."

"पंचवीसचं आठ करू?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि मुलींना म्हणाली, "ओला फडका आणा."

डिंक सकाळचा होता, पुरता वाळला नव्हता. कालरेषा उतरवून आम्ही ती व्हरांड्यात जमिनीवर पसरली. ओल्या फडक्यानं सांधा भिजवायचा, पट्टी आत सरकवायची आणि श्वास धरून पुढे न्यायची. पाच सांधे सुटले. दुष्काळाचा सांधा सुटला तेव्हा कार्ड फाटलं, आणि त्याखाली रेघेवर काढलेली दुष्काळाच्या दोन वर्षांची काळी पट्टी पुढच्या कागदाच्या पाठीवर उमटलेली दिसली, उलटी. एका मुलीनं ती पुसायचा प्रयत्न केला. ती पसरली. मग तिनं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला.

"नवीन कार्ड कुठलं, मिस? लहान?"

"मोठं," शिक्षिका म्हणाली.

"पण पुस्तकात दीडच ओळ—"

"मोठं."

मी मधलं सांगणार होते.

कागद आता काठाला काठ लावून जोडले, मागून तपकिरी कागदाच्या पट्ट्या लावून. सोनेरी कार्डाची नक्कल उंच मुलीनं पिवळ्या कागदावर केली. आठ सेंटिमीटरमध्ये 'इंटरनॅशनल' बसवताना तिला अक्षरं मुंग्यांएवढी करावी लागली. आम्ही कालरेषा पुन्हा चढवत होतो तेव्हा मॅनेजर बाहेर आला. त्यानं आधी मूळ सोनेरी कार्ड पाहिलं, ते खुर्चीवर पडलं होतं. मग भिंतीचं टोक पाहिलं.

"हे सरांना तुम्ही समजावणार?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. उलट कीव आल्यासारखा.

"हो, सर," शिक्षिका म्हणाली.

"मागच्या मिसना पण समजावायची आवड होती," तो म्हणाला. सोनेरी कार्ड त्यानं काखेत घेतलं आणि आत नेलं. दार या वेळी पूर्ण बंद झालं.

आम्ही घरी निघालो. रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटत होती आणि सगळे आकाशाकडे बघत घाई करत होते. जिन्याशी ती फक्त म्हणाली, "मोठं कार्ड जास्त झालं का हो?"

"वजन जरा जास्त आहे," मी म्हटलं. "पण खाली रेल्वे आहे. तोल सांभाळला जातो."

दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. पडला असता तर सुट्टी जाहीर झाली असती. मी पहाटेपासून बातम्या बघत होते, हे कबूल करते. अकराच्या सुमारास करस्पॉन्डंट आला. पांढरी वेष्टी म्हणजे दक्षिणी धोतर, पांढरा शर्ट, हात पाठीमागे. त्याच्या मागे चार पावलांवर मॅनेजर, आणि त्याच्या मागे शाळेतले सगळे, एकमेकांच्या आडोशानं. विज्ञानाच्या ज्वालामुखीसमोरून तो न थांबता गेला. ज्वालामुखी त्याच वेळी उसळला आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कालरेषेसमोर तो १६४० पाशी उभा राहिला आणि चालू लागला. एका सेंटिमीटरला एक वर्ष. त्याचं पाऊल पन्नासेक वर्षांचं होतं. पाहुणी म्हणून मला भिंतीलगत खुर्ची दिली होती. चारही मुली शिक्षिकेच्या मागे. शिक्षिकेच्या हातात खडू होता, का ते तिलाच माहीत.

तो १८७६ पाशी थांबला.

"हे एवढं मोठं का?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"कारण लाखो माणसं मेली, सर."

"या शहरात?"

"खेड्यांतून या शहराकडे चालत येता येता. आणि इथेही."

मागे कुणीतरी खोकला आणि खोकला अर्ध्यावर गिळला. मग करस्पॉन्डंट पुढे चालला. १९१४, जर्मन जहाजाचे तोफगोळे. १९४७. त्सुनामी वर, २०१५ चा पूर खाली, ठरल्याप्रमाणे. २०३० ला रेघ संपली. तो वाकला आणि पिवळ्या कार्डावरच्या मुंग्या वाचू लागला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

"ही नागमोडी काय आहे?"

"इथे प्रमाण तुटतं, सर," ती म्हणाली. "इथून पुढचं झालेलं नाही."

त्यानं मान हलवली. होकार की नकार, हे तमिळनाडूत जन्म काढूनही मला सांगता आलं नसतं. "बेल झाल्यावर माझ्या खोलीत या," तो म्हणाला आणि निघून गेला. मागची सगळी रांग त्याच्यामागे गेली. जाताना प्रत्येकानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आजारी माणसाच्या घरातून निघताना पाहतात तसं.

बेल झाली. ती आत गेली. मी बाहेर बसले, मुली पायऱ्यांवर. त्यातली उंच मुलगी म्हणाली, "मी दुष्काळ मोठा लिहिला म्हणून?" मी तिला परवाइल्लै, काही बिघडत नाही, असं सांगितलं. दोघींचाही त्यावर विश्वास नव्हता. आतून पंख्याचा आवाज येत होता आणि एकदा टेबलाचा खण ओढल्याचा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लिफाफा होता. तिनं तो उघडला, वाचला, आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. कायम केल्याचं पत्र होतं. कालरेषेबद्दल तो काय म्हणाला, असं मी विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. त्यानं तिला बसायला सांगितलं, फोनवर एका कंत्राटदाराशी बोलत राहिला आणि मग खणातून लिफाफा काढून दिला.

थोड्या वेळानं मॅनेजर माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. पत्र त्यानं स्वतः पंधरा दिवसांपूर्वीच टाइप केलं होतं, असं त्यानं मला सांगितलं. इतिहासाच्या जागेची जाहिरात तीनदा दिली होती. अर्ज तिचा एकटीचाच आला होता.